रिमोट जॉबसाठी रेझ्युमे: "सेल्फ-मोटिवेटेड" काढून त्या जागी काय लिहिलं

मी टेस्टिंगमध्ये आहे. आधीचा जॉब ऑफिसात बसूनच होता पण डेव्हलपर सगळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आमची निघायची वेळ झाली की त्यांची सकाळ. रिमोट हा शब्द माझ्या अनुभवात कुठेच नव्हता, आणि रिमोट जॉबला अप्लाय करताना नेमकं हेच अडतं, की काम तर तसलंच केलंय पण कागदावर दिसत नाही.

पहिले मी जुन्या रेझ्युमेतली स्किल्सची लिस्ट बघितली. सेल्फ-मोटिवेटेड, उत्तम कम्युनिकेशन, स्लॅक, जिरा, झूम. हे प्रत्येकाच्या रेझ्युमेत असतं आणि वाचणाऱ्याला यातलं काही तपासता येत नाही. त्याला खरं तर एवढंच बघायचं असतं की समोर कोणी नसताना हा माणूस काम कसं ठरवतो आणि समोरचा झोपलेला असताना त्याला काय लिहून ठेवतो. म्हणून मी जुनी तिकिटं आणि मेल चाळत बसले आणि जिथे मीटिंग न घेता माझ्या लिहिण्यामुळे काम पुढे सरकलं अशा जागा शोधल्या.

त्यात सगळ्यात कामाची निघाली हँडओव्हर नोट. आमच्याकडे बग टाकला की डेव्हलपर रात्री विचारायचे, कुठल्या बिल्डवर, कुठल्या अकाउंटने, लॉग कुठेय? मी सकाळी उत्तर द्यायचे, ते परत त्यांच्या सकाळी वाचायचे, एका साध्या प्रश्नात दीड-दोन दिवस जायचे. मग मी रोज निघताना एक नोट टाकायला लागले, त्यात काय तपासलं, काय अडलंय, पुढचं पाऊल कोणाचं, आणि उत्तर आलं नाही तर उद्या सकाळी मी काय धरून पुढे जाणार. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा, कारण त्यामुळे कोणी कोणासाठी थांबत नाही.

रेझ्युमेत आधी ओळ होती, "परदेशातील टीमशी समन्वय साधला." ती काढून लिहिलं, "साडेनऊ ते साडेदहा तासांच्या फरकाने काम करणाऱ्या डेव्हलपर टीमसाठी जिरात रोजची हँडओव्हर नोट आणि बग रिपोर्टचा ठरावीक साचा सुरू केला. बिल्ड, अकाउंट, लॉग पहिल्याच मेसेजमध्ये गेल्याने बहुतेक बगवर दुसऱ्या सकाळपर्यंत काम सुरू झालेलं असायचं." टूलचं नाव वाक्याच्या आत आलं, त्याने काय केलं तेही आलं, वेगळी लिस्ट फक्त एका ओळीची ठेवली. ती पूर्ण काढू नका, कारण जाहिरातीतले शब्द शोधून रेझ्युमे चाळतात. टक्केवारी मी मुद्दाम टाकली नाही, मोजलेली नव्हती आणि इंटरव्ह्यूत कशी काढली विचारलं तर उत्तर काय देणार.

सेल्फ-मॅनेजमेंटसाठी पण तसंच. "कमी देखरेखीत काम" असं न लिहिता लिहिलं की रिग्रेशन टेस्टिंगचा आठवड्याचा प्लॅन मी स्वतः ठरवायचे, रिलीजची तारीख धोक्यात दिसली की आधीच लेखी कळवायचे आणि कुठले टेस्ट मागे टाकता येतील तेही सुचवायचे.

आता वेळेचं. जाहिरातीत पूर्व किनाऱ्याच्या सकाळी किमान तीन तास ओव्हरलॅप मागितला होता. "कुठल्याही शिफ्टला तयार" असं लिहिणं टाळा, त्यातून काहीच कळत नाही. मी नावाखाली लिहिलं, "रोज 13:00 ते 17:00 यूटीसी उपलब्ध", म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. चार तास का, तर त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा एक तास पुढेमागे होतात, आपली होत नाहीत. त्यांचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात 13:00 यूटीसी आणि हिवाळ्यात 14:00. त्यामुळे हिवाळ्यातही तीन तास सुटत नाहीत.

लिखाणाचा नमुना म्हणून कंपनीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट अजिबात देऊ नका, ती माहिती आपली नसते. मी एका काल्पनिक शॉपिंग ॲपचा बग घेऊन एक पानाचा रिपोर्ट आणि हँडओव्हर नोट नव्याने लिहिली आणि त्याची लिंक दिली. इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा पण, परमिशन मागत असेल तर कोणी रिक्वेस्ट पाठवून वाट बघत बसत नाही.

इंटरव्ह्यूत जवळजवळ अर्धा वेळ त्या हँडओव्हरच्या ओळीवरच गेला. उत्तर आलं नाही तर काय धरून पुढे जायचं हे कसं ठरवता, असं मॅनेजरने खोदून विचारलं. मी सांगितलं, जे मागे फिरवता येतं ते करून टाकते आणि नोटमध्ये लिहिते, डेटा पुसणं किंवा रिलीज थांबवणं असलं काही असेल तर थांबते आणि दुसरं काम उचलते. नंतर एक लेखी टास्क आली, झोपलेल्या डेव्हलपरला बग समजावणारा मेसेज लिहायचा, कॉल करायचा नाही. ती माझ्या रोजच्याच नोटसारखी होती. ऑफर आली तेव्हा ओव्हरलॅपचे तास यूटीसीमध्येच लेखी घेतले, उन्हाळा-हिवाळा दोन्हींसकट.