श्रुतलेखन तपासताना चुकांची दोन टोपल्यांत केलेली वाटणी

पुतणीला श्रुतलेखन घालायला लागल्यावर मी प्रथम उताऱ्यांकडे लक्ष दिले. पाठ्यपुस्तकातला अवघड परिच्छेद उचलून वाचला, तर मूल अर्थाशी झगडत बसते आणि चूक कानाची की लेखनाची, हे कळत नाही. म्हणून मी ओळखीच्या विषयावरचे पन्नास-साठ शब्दांचे उतारे स्वतः लिहिले आणि त्यांत एकच नियम मूळ रूपात व सामान्यरूपात पुन्हा पुन्हा येईल, असे पाहिले. एका उताऱ्यात पूल आणि पुलाखाली, मूल आणि मुलाने, दूध आणि दुधात अशा जोड्या होत्या, तर गीत आणि गीतात ही जोडी मुद्दाम घातली होती, कारण तत्सम शब्दातला उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपातही दीर्घच राहतो.

वाचन तीनदा करत असे. पहिल्यांदा संपूर्ण उतारा नेहमीच्या गतीने, पेन खाली ठेवून ऐकायचा. मग अर्थाला धरून चार-पाच शब्दांचे तुकडे, प्रत्येक एकदाच. शेवटी पुन्हा सलग, तपासण्यासाठी. ‘पूऽल’ असे ताणून सांगायचे नाही, हे मी कटाक्षाने पाळले, कारण तशा सूचनेने वही निर्दोष दिसते, पण प्रत्यक्ष बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक इतका स्पष्ट नसतो.

खरे काम तपासण्यात होते. ‘पुलाखाली गाळ साचला होता’ हे वाक्य तिने ‘पूलाखाली गाल साचला होता’ असे लिहिले. दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारून एकेक गुण कापला असता, तर त्यातून काहीच शिकता आले नसते. मी चूक न दाखवता तेवढेच वाक्य त्याच गतीने पुन्हा वाचले. ‘गाल’चा ‘गाळ’ तिने लगेच केला. ‘पूलाखाली’ तसेच राहिले. ‘गाल’पुढे मी ‘का’, म्हणजे कान, आणि ‘पूलाखाली’पुढे ‘नि’, म्हणजे नियम, असे लिहिले. एकच शब्द त्याच रीतीने दोनदा चुकला, तर चूक एकच मोजली.

‘का’ असलेल्या चुकांसाठी गाल-गाळ, मन-मण अशा जोड्या ऐकून वेगळ्या ओळखायच्या आणि ‘नि’ असलेल्यांसाठी शब्दाची रूपे लिहायची, असा सराव ठरला. ‘दूद’ मात्र दोन्हींच्या मध्ये पडले, कारण शब्दाच्या शेवटी ‘ध’मधला महाप्राण क्षीण होतो आणि पुन्हा ऐकूनही तो हाती लागत नाही. तिथे ‘दुधात’ म्हणून पाहायला सांगितले. ‘ध’नंतर स्वर आल्याबरोबर तो स्वच्छ ऐकू आला, आणि मग ‘हात’-‘हाताला’, ‘हाथ’ नव्हे, हेही तिने स्वतःच पडताळून पाहिले.