तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जातले आकडे

"ताई, पुण्याच्या कंपनीनं तुला सोलापुरातून काम करायला दिलंच कसं? आमचे साहेब तर विषयच काढू देत नाहीत. अर्जात लिहिलंस तरी काय?"

लग्नात, जिन्यात, भाजी घेताना हेच. काहींच्या सुरात 'वशिला कोणाचा?' हेही ऐकू येतं. वशिला नव्हता. घरची अडचण तुम्हाला ठाऊक आहे, ती पुन्हा मांडत नाही. अर्जातही ती एका ओळीत संपवली होती. अडचण सांगितली की साहेब हळहळतात, आणि हळहळून झालं की रजा घ्या म्हणतात. कायद्याचं म्हणाल, तर मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची सोय झाली, पण तीही काम तसं असेल आणि दोन्ही बाजूंचं जमलं तरच. मला ती लागूच नव्हती. म्हणजे माझ्या हातात विनंतीच होती.

माझं काम पुरवठादारांच्या बिलांचं. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि बिल ही तिन्ही जुळवायची, जीएसटी बघायचा, बिल सिस्टिममध्ये चढवायचं. 'घरून जास्त काम करीन' असं लिहिणारे पुष्कळ असतात. जास्त म्हणजे कशापेक्षा, हे कुणी लिहीत नाही. म्हणून अर्जाच्या आधी मी सिस्टिममधून मागच्या तीन महिन्यांचा रिपोर्ट काढला, मी ऑफिसात बसून केलेल्या कामाचा. शंभरातली 86 बिलं दोन कामाच्या दिवसांत चढत होती. शंभरामागे दोनेक चुकीमुळे परत येत होती. हे दोनच आकडे अर्जात घेतले, आणि दोन्ही असे की साहेब माझ्या मदतीशिवाय स्वतः काढून बघू शकतील.

सरासरी मुद्दाम घेतली नाही. एखादं बिल भांडणात महिनाभर अडकलं की सरासरी बिघडते, आणि बाकीची वेळेत झालेली बिलं त्यात दिसेनाशी होतात. दिवस मोजायला सुरुवात कधी, हेही लिहून घेतलं: जीआरएन लागल्यापासून. गोदामानं नोंदच केली नाही, तर तो उशीर माझ्या नावावर का पडावा?

साहेब म्हणाले, एक महिना बघू. मी तीन मागितले, डिसेंबर ते फेब्रुवारी. आमच्या कामात महिना सपाट नसतो. सात तारखेला टीडीएस भरायचा, 14 ला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी तयार होते, तिच्याशी बिलं ताडून 20 पर्यंत 3बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायचं. एकाच महिन्यात कुणी आजारी पडलं किंवा एखादा मोठा पुरवठादार बिलं उशिरा पाठवू लागला, की आकडा वाया. शिवाय मला जानेवारी हवाच होता. संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तिकडे 2बी. त्या आठवड्यात काम निभलं तर कधीही निभेल, हे साहेबांना दाखवायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

लाइट गेली तर काय, हे साहेबांनी विचारायच्या आधीच लिहिलं होतं: राउटरला बॅकअप, फोनचं नेट, आणि तासाभराहून जास्त खोळंबा झाला तर कळवून त्याच दिवशी संध्याकाळी काम पुरं करणं. शेवटची ओळ अशी: सलग दोन महिने आकडा 86 च्या खाली गेला, तर वाद न घालता पुण्यात परत येईन. माझ्या मते सही त्या ओळीनं मिळवून दिली. 'आणि नाही जमलं तर?' हा प्रश्न साहेबांना अवघड वाटतो, कारण मग परत बोलावण्याचा वाईटपणा त्यांच्याकडे येतो.

इथपर्यंत ऐकून सगळे खुश होतात आणि 'तो अर्ज पाठव ना' म्हणतात. पुढचं कुणी विचारत नाही.

जानेवारी संपल्यावर व्हिडिओवर आढावा झाला. माझे आकडे स्क्रीनवर: डिसेंबर 90, जानेवारी 91. गड्ड्याच्या आठवड्यातसुद्धा. मी पाठ ताठ करून बसले होते. साहेब म्हणाले, "आकडे बरोबर आहेत." मग थांबले आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा रिपोर्ट उघडला. आम्हा दोघींकडे बिलं जवळजवळ सारखीच. ती 88 वरून 81 वर आली होती. "तुमचे पाच वाढले, त्यांचे सात गेले. कंपनीनं काय समजायचं?"

मी चिडले. कागदावर जे नव्हतं ते मधेच मोजायला का काढता, असं तोंडावर बोलले. आजही म्हणते, सही झाल्यावर अट बदलणं गैर आहे. पण रात्री तिला फोन केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "खरेदीवाले, गोदामवाले पूर्वी तुझ्या टेबलाशी यायचे. तू दिसत नाहीस, म्हणून माझ्याकडे येतात. तो वेळ कुणाच्या खात्यात टाकायचा?"

मला उत्तर आलं नाही. माझं घरचं काम शांतपणे होत होतं, कारण मला कुणी उठवत नव्हतं. उठवणारे कमी झाले नव्हते, नुसते एक खुर्ची सरकले होते. हे माझ्या दोन आकड्यांत कुठून दिसणार? त्यात फक्त मी होते.

फेब्रुवारीत दोन आठवडे तिनं येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली: कोण आलं, कशासाठी, किती मिनिटं. निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न एकच, 'अमक्याचं बिल झालं का?' मग मी रोज सकाळी 11 ला सगळ्या बिलांची स्थिती एका शीटवर टाकू लागले, आणि बाकी प्रश्नांना माझा फोन दुपारी ठरलेल्या वेळी उघडा. तिचा आकडा फेब्रुवारीअखेर 86 ला आला. पूर्ण 88 नाही. गोदामातले काका अजून तिच्याकडेच जातात, शीट बघणं त्यांना जमत नाही आणि मला फोन करणं त्यांना बरं वाटत नाही.

मंजुरी मिळाली, सहा महिन्यांची. दर वेळी नवी. 'कायम' हा शब्द साहेबांनी लिहू दिला नाही. आता कागदावर तिसरा आकडाही आहे, दोघींचा मिळून. महिना बंद होताना पहाटेची हुतात्मा पकडून पुण्याला जाते, रात्री परत.

तेव्हा अर्ज मागणाऱ्यांनो, पाठवते, पण आधी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं ते बघा आणि त्याचाही मागच्या तीन महिन्यांचा आकडा काढून ठेवा. पूर्वीची मी याला हसले असते. दुसऱ्याच्या कामाचा हिशोब मी का ठेवू, म्हणाले असते. त्या पूर्वीच्या माझं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. शेजारच्याचा आकडा माझ्या हातात नाही, मग त्यावर माझी परवानगी का लटकावी? हे मला अजून सुटलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या मैत्रिणीनंही अर्ज केला. आकडे, मुदत, परतीची अट, सगळं त्यात होतं. मी वाचला होता, माझ्यापेक्षा नेटका. नामंजूर झाला. दोघी बाहेर गेल्या तर इथं माणूस कोण, असं उत्तर आलं. पुढच्या नूतनीकरणाला एक महिना ती घरून, एक महिना मी, अशी पाळी मागायची असं आमचं चाललंय. पाळीत मी पुण्यात राहायचं कुठं, हे ठरलेलं नाही. साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही.