एका डेसिबलने नापास झालेला फिल्टर

आमचं यंत्र मोटरच्या बेअरिंगची कंपनं मोजतं. सेकंदाला ८००० नमुने घेतं आणि ग्राहकाने सांगितलेल्या पट्ट्यातल्याच वारंवारता पुढे सोडतं. पट्टा कोणता, हे कारखान्यात उभं राहून ठरतं. लॅपटॉपवर बसून फिल्टर तयार करायचा आणि मग तो चिपमध्ये भरायचा, अशी चैन तिथे नसते. म्हणून फर्मवेअरमध्ये एकच लो-पास प्रोटोटाइप साठवलेला आहे. स्क्रीनवर दोन टोकं टाकली की चिप स्वतःच त्याचा बँड-पास करून घेते. १९७० साली कॉन्स्टंटिनिडीस यांनी मांडलेली आदेशाची रीत आम्ही त्यासाठी वापरतो. प्रोटोटाइपमध्ये जिथे जिथे एका नमुन्याचा विलंब आहे, तिथे तिथे हे घालायचं:

```
Z^-1  ->  -z^-1 (z^-1 - a) / (1 - a z^-1)
a = cos((w2+w1)/2) / cos((w2-w1)/2)
```

पुस्तकात याहून लांब सूत्र असतं, त्यात `k` नावाचा आणखी एक आकडा येतो. प्रोटोटाइपचा कटऑफ पट्ट्याच्या रुंदीइतकाच ठेवला की `k` बरोबर १ होतो आणि सूत्र एवढंसं उरतं. आमच्या बहुतेक ग्राहकांना १००० हर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागतो, म्हणून साठवलेला प्रोटोटाइपही १००० हर्ट्‌झचाच, तिसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ. आदेशानंतर ऑर्डर दुप्पट, म्हणजे सहा होते.

त्या दिवशी ग्राहकाकडे स्वीकृती चाचणी होती. करारात एकच ओळ महत्त्वाची होती: पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ५०० हर्ट्‌झ बाहेर किमान २० डेसिबल घट. त्यांचे सल्लागार स्वतःचा फंक्शन जनरेटर घेऊन आले होते, हे मला फार आवडलं. बरेच जण आमचाच अहवाल बघून सही ठोकतात. त्यांनी पट्टा दिला १००० ते २०००. दोन्ही टोकांना वाचन आलं उणे ३ डेसिबल, अगदी काट्यावर. मग ते ५०० हर्ट्‌झवर गेले: ३० डेसिबल. मान डोलावली. मग २५०० वर गेले: १९.

"साहेब, तुमचा फिल्टर एका बाजूला ढिला आहे," ते म्हणाले. आवाजात खोच नव्हती, नुसतं वाचन सांगितल्यासारखं.

मी पुण्याला फोन लावला. आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात दोन्ही बाजूंना २३ डेसिबल लिहिलेलं होतं. सहकाऱ्याचं उत्तर तयारच होतं, "त्यांचा जनरेटर तपासून घे." आमच्या क्षेत्रातली ही जुनी खोड आहे, ग्राहकाचं उपकरण नेहमी बिघडलेलंच असतं. मी विचारलं, "अहवाल कोणत्या पट्ट्यावर केला होता?" उत्तर आलं, "१५०० ते २५००." फोनवर दोघंही गप्प झालो.

८००० च्या नमुनादरात वारंवारता ४००० हर्ट्‌झपर्यंतच जाते. १५०० ते २५०० हा पट्टा त्याच्या बरोबर मधोमध येतो. तिथे `a` शून्य होतो आणि सगळा आदेश `-z^-2` एवढाच उरतो. डावीकडे शून्यापर्यंत १५०० हर्ट्‌झ मोकळे, उजवीकडे ४००० पर्यंतही १५०० च. आता हा आदेश करतो काय, तर प्रोटोटाइपचा १००० पासून ४००० पर्यंतचा सगळा उतार तो पट्ट्याच्या डाव्या बाजूला बसवतो आणि तोच उतार पुन्हा उजव्या बाजूलाही बसवतो. जागा सारखी असेल तर दोन्ही उतार सारखे. पण पट्टा १००० ते २००० केला की डावीकडे उरतात १००० हर्ट्‌झ आणि उजवीकडे २०००. तोच उतार एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला पसरतो.

जेवणाच्या सुट्टीत कागदावर उलटा हिशेब केला. बँड-पासवरचा ५०० हर्ट्‌झचा बिंदू प्रोटोटाइपवर साधारण २३६० ला पडतो, २५०० चा १८१० च्या आसपास. कटऑफपासून एक बराच लांब, दुसरा जवळ. ऑर्डर ठरवताना यातला जवळचा बिंदू धरायचा असतो. डाव्या बाजूचं २० डेसिबल दुसऱ्या ऑर्डरमध्येही निभावलं असतं. उजव्या बाजूसाठी उत्तर आलं ३.१३, म्हणजे चार. तीनमध्ये मिळतात १९.२. सल्लागारांचा जनरेटर उत्तम होता.

मला राग आला तो पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांचा. बँड-पासचं चित्र बहुतेक ठिकाणी दोन्ही खांदे सारखे असलेलं काढतात आणि तेच डोक्यात बसतं. सूत्र शब्द देतं ते फक्त दोन टोकांचा. टोकांबाहेर काय होईल ते पट्टा कुठे बसलाय त्यावर ठरतं. शिखरसुद्धा मधोमध नसतं. १००० आणि २००० ची सरासरी १५००, गुणोत्तर मध्य १४१४, आणि आमच्या फिल्टरचा खरा मध्य निघतो १४५६, कारण तिथे `cos w0 = a` होतं.

दुरुस्ती तशी सोपी होती. आम्ही प्रोटोटाइपचे सहगुणक न साठवता त्याचे पोल साठवतो, या निर्णयाचा मला अजून अभिमान आहे. प्रत्येक पोल `p` साठी एकच वर्गसमीकरण सोडवायचं:

```
z^2 - a(1+p) z + p = 0
```

दोन मुळं मिळतात, तेच बँड-पासचे पोल. शून्यं आपोआप `+1` आणि `-1` वर बसतात. मग दोन-दोनच्या जोड्या लावून छोटे विभाग करायचे. सगळं गुणून एकच लांबलचक समीकरण केलं तर खालच्या वारंवारतांच्या अरुंद पट्ट्यांना ३२-बिटी आकड्यांत फिल्टर बेफाम होतो, लॅपटॉपवर मात्र ६४ बिटांत तोच शहाण्यासारखा वागतो. आता तीनऐवजी चौथ्या ऑर्डरचे चार पोल भरले, चिपवर एक विभाग वाढला, तेवढं तिला झेपलं. भरल्यावर एक चाचणी मी कधी टाळत नाही: शून्य हर्ट्‌झ आणि ४००० हर्ट्‌झ, दोन्हीकडे उत्तर शून्य यायला हवं. आदेशातलं पुढचं उणे चिन्ह गळालं तर नेमकं उलट होतं, टोकं सुटतात आणि पट्टाच अडतो.

संध्याकाळी पुन्हा २५०० वर वाचन घेतलं, २५ च्या थोडं वर. सही झाली. डाव्या बाजूला मात्र आता ४० डेसिबल मिळतात, जे कोणी मागितले नव्हते. दोन्ही बाजूंचे उतार वेगवेगळे हवे असतील तर या रीतीने जमत नाही, बँड-पास मुळातूनच वेगळा रचावा लागतो.

माझं अजून समाधान झालेलं नाही. ५०० ते १५०० हा पट्टा घेतला तर उजवीकडे चौथ्या ऑर्डरलाही २१ च डेसिबल मिळतात. ३०० ते १३०० घेतला तर १९.६, म्हणजे पुन्हा नापास. ग्राहकाला असे पट्टे घेऊ द्यायचे की नाही यावर ऑफिसात वाद चालू आहे. विक्रीवाल्यांना कोणतीच मर्यादा नको आहे. मी तूर्त एवढंच केलं आहे की टोकं टाकताच स्क्रीनवर दोन्ही बाजूंची घट वेगवेगळी दिसते आणि २० च्या खालची लाल होते. ते लाल काढून टाका, असं दोघांनी मला आधीच सांगून ठेवलं आहे.