तरंगलांबीवरून मालिका ओळखताना

"सर, उडी सांगितली तर तरंगलांबी काढता येते. पण नुसती तरंगलांबी दिली तर हायड्रोजनची कुठली मालिका, हे कसं ओळखायचं? सगळे पट्टे पाठच करायचे का?"

पट्टे लक्षात राहिले तर चांगलंच, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. मालिका एकाच गोष्टीवरून ठरते: इलेक्ट्रॉन उतरला कुठे. पहिल्या पातळीवर उतरला तर लायमन, दुसऱ्या पातळीवर बामर, तिसऱ्या पातळीवर पाशेन, चौथ्या पातळीवर ब्रॅकेट. तो निघाला कुठून, यावरून फक्त त्या मालिकेतली रेषा ठरते. चौथीवरून दुसरीवर आलेल्या इलेक्ट्रॉनची रेषा बामरचीच, पण '४' हा आकडा आधी दिसतो म्हणून अनेक जण ब्रॅकेट लिहून मोकळे होतात.

ही उडी आधी सरळ सोडवू. n व्या पातळीची ऊर्जा −१३.६ ÷ n² इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चौथीची −०.८५, दुसरीची −३.४. फरक २.५५, आणि तेवढी ऊर्जा फोटॉन घेऊन जातो. १२४० ला २.५५ ने भागलं की तरंगलांबी थेट नॅनोमीटरमध्ये मिळते: ४८६, बामरची निळसर-हिरवी रेषा.

आता तुमचा उलटा प्रश्न. लायमन ९१ ते १२२ नॅनोमीटर, बामर ३६५ ते ६५६, पाशेन ८२० ते १८७५. या तिन्ही पट्ट्यांमध्ये मोकळी जागा आहे, त्यामुळे इथवर पाठांतर चालून जातं. पण ब्रॅकेट १४५८ पासूनच सुरू होते, म्हणजे पाशेन संपायच्या आधी. समजा १७३७ नॅनोमीटरची रेषा दिली. ती दोन्ही पट्ट्यांत बसते. आता पाठ केलेले आकडे काय सांगणार?

म्हणून मी असं करायला सांगतो. आधी फोटॉनची ऊर्जा काढा: १२४० ÷ १७३७ = ०.७१४. मग इलेक्ट्रॉन अमुक पातळीवर उतरला असं धरा, त्या पातळीच्या ऊर्जेत हे ०.७१४ मिळवा, म्हणजे तो निघाला त्या पातळीची ऊर्जा मिळेल. तिथे n पूर्णांक आला पाहिजे.

तिसरीवर उतरला असं धरू. −१.५११ + ०.७१४ = −०.७९७. आता १३.६ ÷ ०.७९७ म्हणजे १७.०६, त्याचं वर्गमूळ ४.१३. इथेच घात होतो. घाईत असलेला विद्यार्थी ४.१३ ला ४ म्हणतो आणि 'पाशेन' लिहितो. जरा थांबा आणि उलट तपासा: चौथीवरून तिसरीवरची उडी ०.६६१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणजे तरंगलांबी १८७५. दिलेल्या रेषेपासून तब्बल १३८ नॅनोमीटर लांब. हा फरक आकडे गोल केल्याने पडत नाही, ती पातळीच चुकलेली आहे.

चौथीवर उतरला असं धरू. −०.८५ + ०.७१४ = −०.१३६. १३.६ ÷ ०.१३६ = १००, वर्गमूळ १०. दहावीवरून चौथीवर, म्हणजे ब्रॅकेट. पाचवीवर उतरला असं धरलं तर −०.५४४ + ०.७१४ ही बेरीज धन येते. धन ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉन अणूला बांधलेलाच नसतो, त्यामुळे पाचवी आणि तिच्या वरच्या सगळ्या पातळ्या एका झटक्यात बाद. खाली दुसरीवर २.२५ येतं, पहिलीवर १.०३, म्हणजे तिथेही पूर्णांक नाही. मला ही रीत आवडते ती यासाठीच, की ती उत्तर देते आणि बाकीची उत्तरं का नाहीत तेही दाखवते.

मात्र या रीतीत आकडे आधीच गोल करू नका. वर ०.१३६ मिळालं ते दोन जवळजवळच्या आकड्यांच्या वजाबाकीतून. फोटॉनची ऊर्जा ०.७१४ ऐवजी ०.७१ घेतली असती तर उरले असते ०.१४ आणि n आला असता ९.८६. ०.७२ घेतली असती तर १०.२. मग ९.८६ ला १० म्हणायचं, पण ४.१३ ला ४ म्हणायचं नाही, हे कशाच्या आधारावर ठरवणार? वरच्या पातळ्या एकमेकींना खेटून असतात, म्हणून n मोठा असला की हा त्रास वाढत जातो. अशा वेळी १३.६ च्या जागी १३.५९८ आणि १२४० च्या जागी १२३९.८४ घ्या, आणि शेवटी मिळालेल्या उडीवरून तरंगलांबी पुन्हा काढा. दहावीवरून चौथीवर आलात की ती १७३७ च येते.