लाल संघाच्या नावासमोरचा +4

आमच्या वर्तमानपत्राच्या कोल्हापूर कार्यालयात क्रीडा पान मी लावतो. शुक्रवारी रात्री साडेनऊला मोबाइलवर एक फोटो आला. उपनगरातल्या एका छोट्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता होता, मोबाइलच्या पडद्यावरून टिपलेला. खाली मजकूर होता, "दादा, कोण आत जाणार ते उद्याच्या अंकात द्या."

सहा संघ, प्रत्येकाचे चार सामने झालेले, एकेक शिल्लक. पहिले दोन अंतिम सामन्यात. संघांची नावं देत नाही, जर्सीचे रंग सांगतो. निळे 10 गुण, लाल आणि पिवळे 7, काळे 6, हिरवे 4, पांढरे 0. उरलेले सामने फोटोत नव्हतेच, ते आयोजकांकडून फोनवर घेतले : शनिवारी पिवळे-काळे आणि हिरवे-पांढरे, रविवारी निळे-लाल. तक्त्यावरून समीकरण मांडणारे बहुतेक जण इथंच चुकतात. उरलेल्या सामन्यांत कोण कोणाशी खेळणार, हे न बघताच गुण मोजत बसतात.

हिरव्यांचंच बघा. जिंकले तर त्यांचे 7 होतात, म्हणून त्यांचे पाठीराखे आशेवर होते. पण पिवळे आणि काळे एकमेकांशीच खेळणार. पिवळे जिंकले तर 10, बरोबरी झाली तर 8, काळे जिंकले तर त्यांचे 9. म्हणजे दोघांतला एक जण काहीही झालं तरी 8 च्या खाली राहत नाही, आणि निळे 10 वर आहेतच. हिरवे बाहेर. तीन सामन्यांचे 27 निकाल संभवतात, पण हिरवे-पांढरे सामन्यानं पहिल्या दोघांत काहीच बदलत नसल्यानं हातात उरले फक्त नऊ.

ते नऊ कागदावर मांडले. दोन्ही सामने बरोबरीत सुटले तर निळे 11, लाल आणि पिवळे दोघेही 8. तिथं नियम लागतो. युरो स्पर्धेत गुण सारखे झाले की आधी आपसातला सामना बघतात, 2022 च्या विश्वचषकात आधी गोलफरक होता. लालनी पिवळ्यांना 2-1 हरवलं होतं, त्यामुळे नियम कोणता यावरच सगळं अवलंबून होतं. आयोजकांचं नियमपत्रक मागवलं. आधी गोलफरक.

फोटोत लाल +4, पिवळे +3. म्हणजे लाल आत. बातमी टाकायच्या आधी सवयीनं गोलफरकाच्या रकान्याची बेरीज केली. एकानं केलेला प्रत्येक गोल दुसऱ्यावर झालेला असतो, म्हणून ही बेरीज शून्यच यायला हवी. आली +2. केलेले गोल 27, खाल्लेले 25. कुणीतरी खाल्लेले दोन गोल नोंदवायचे राहिले होते. जुने अंक काढून बाराही सामने ताडून बघितले. काळ्यांनी लालना 2-0 हरवलं होतं. काळ्यांच्या ओळीत ते दोन गोल होते, लालच्या ओळीत नव्हते. लालचा खरा फरक +2. दोन्ही बरोबऱ्या झाल्या तर आत जाणार पिवळे.

तक्ता ठेवणाऱ्याला फोन केला. "उद्या बघतो," म्हणाला. बघितलं नाही. ज्याच्यावर पोरांचा अख्खा हंगाम अवलंबून आहे तो कागद इतक्या हलगर्जीपणानं ठेवणं मला अजूनही पटत नाही. आमच्या पानावरही त्या रात्री जाहिरात आली आणि माझ्या बातमीतला गोलफरकाचा परिच्छेद कापला गेला.

शनिवारी पिवळे-काळे 1-1. आता लालना जिंकायलाच हवं होतं. मी त्यांच्या मॅनेजरला फोन केला. "अण्णा, बरोबरी पुरत नाही. तुमचा फरक दोन आहे, चार नाही."

"दादा, तक्त्यात चार लिहिलंय की. आयोजकांनीच टाकलंय. पोरांना आता नवीन काय सांगत बसू?"

रविवारी मी मैदानावर गेलो. शेवटच्या दहा मिनिटांत 0-0 असताना लालचा गोलकीपर प्रत्येक चेंडू छातीशी धरून बसत होता, बचावपटू कोपऱ्यात चेंडू अडवून वेळ काढत होते. शिट्टी वाजली तशी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. अर्ध्या तासानं दुरुस्त तक्ता आला.

मी तक्ता ठेवणाऱ्याला एकदाच फोन केला. त्याच रात्री आयोजकांच्या प्रमुखाच्या घरी जाऊन तो आकडा बदलून घ्यायला हवा होता का, हे डोक्यातून जात नाही. सोमवारी अण्णांचा फोन आला. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "दादा, ती शून्याची बेरीज कशी करायची, तेवढं सांगा."