ते गाणं बंद करू नकोस

"बंद नको करूस. हे गाणं मला काही विचारत तरी नाही."

ब्रेकअप झालेली मैत्रीण आज गाडीत म्हणाली. मी तिचं रडकं गाणं बदलून काहीतरी उडतं लावणार होते, तेवढ्यात. मग पुढचा अर्धा रस्ता ती तेच कडवं पुन्हा पुन्हा लावत राहिली, आणि तिसऱ्या खेपेला चक्क गुणगुणायला लागली!

तेव्हापासून डोक्यात तेच. आपण सगळे तिला सल्ले देतोय, "विसर आता" म्हणतोय. गाणं मात्र तिच्याच मनातलं बोलतं आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षाही ठेवत नाही.

2013 मधल्या एका अभ्यासात लोकांना दोन प्रकारचे तोटे आठवायला सांगितले होते: नातं तुटणं आणि स्पर्धा हरणं. उदास गाण्यांची ओढ नातं तुटलेल्यांना जास्त होती. म्हणजे गेलेल्या माणसाची जागा काही वेळ गाणं भरतं, समजून घेणाऱ्या मित्रासारखं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही खरं. तेच तेच उगाळत बसणाऱ्यांना अशी गाणी आणखी खोल नेतात. गाणं संपल्यावर हलकं वाटतं की जुने मेसेज उघडावेसे वाटतात, यावरून कळतं.

तुमचं काय होतं?