जाड गोळ्याचं मॉडेल : भिंत जमली, आता भोकाची पाळी

तर मंडळी, माणसांना खोल समुद्रात नेणाऱ्या मत्स्य ६००० पाणबुडीच्या मापावर बेतलेला पोकळ गोळा चालू आहे, म्हणजे आतला व्यास २१०० मिमी, भिंत ८० मिमी, टायटॅनियम, ६००० मीटर खोली. दाब ६० मेगापास्कल धरलाय. संभाजीनगरात बसून समुद्राचं काय करतो म्हणून घरचे हसतात, हसू द्या.

वाळूजला लेथवर असलेल्या मित्राने विचारलं की दाब बाहेरून आहे तर ताण आतल्या बाजूला जास्त कसा काय राव? म्हणून आधी हातानेच काढलं:

```
s(r) = -p·b³/(b³-a³) · (1 + a³/(2r³))
a = 1050, b = 1130, p = 60
```

आतल्या पृष्ठभागावर ४५५ आणि बाहेर ४२५ मेगापास्कल येतात, दोन्ही दाबाचेच. पण खरी मेख पुढं आहे. बाहेरच्या थराला पाणी स्वतःच ६० ने दाबून धरतं, म्हणून तिथं फरक ३६५ चाच उरतो, आत मात्र भिंतीला समोरून कुणाचाच आधार नाही, पूर्ण ४५५ चा फरक. धातू या फरकामुळं वाहायला लागतो, त्यामुळं सुरुवात आतूनच होणार. यील्ड ८३० धरलं तर ही वेळ साधारण १०९ मेगापास्कलला येते, म्हणजे पावणेदोन पटीच्या जरा वर. मित्राला पटलं.

पातळ भिंतीचं pR/2t सरासरी त्रिज्येने लावलं तर ४०९ येतं, म्हणजे आतल्या ताणापेक्षा दहा टक्के कमी, आणि इथं कमी दाखवणं म्हणजे धोक्याच्या बाजूला चूक. पडताळा सोपा आहे, गोळा मधोमध कापा, पाण्याचा जोर π·b² वर आणि धातू π(b²-a²) एवढा, भागाकार ४३९. सरासरी ४५५ आणि ४२५ च्या मधे बसली की गणित बरोबर. मॉडेलमधे जाडीत सहा क्वाड्रॅटिक एलिमेंट टाकले, आत ४५४ आलं, बस झालं.

अजून एक गंमत, E ११४ गिगापास्कल आणि पॉयसन ०.३४ धरून आतला व्यास साडेपाच मिमी आक्रसतो, म्हणून आतली फ्रेम भिंतीला चारी बाजूंनी घट्ट वेल्ड केली तर फ्रेमच भिंतीला ढकलणार, एका बाजूला तरी सरकायला जागा पाहिजे.

आता भोक. सगळीकडून सारखा ताण असलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं की काठावर दुप्पट होतो, इथं ढोबळमानाने ९००, ८३० च्या वर गेला की. म्हणून भोकाभोवती जाड कॉलर लागते. आणि दाराचं झाकण मॉडेलमधे काढून टाकलं तरी झाकणावरचा पाण्याचा जोर बैठकीवर टाकावाच लागतो, नाहीतर मधोमधच्या कापावरची एकूण प्रतिक्रिया २४० मेगान्यूटनच्या खाली येते, तेवढं बघून घ्या. कॉलरची जाडी १२० पासून सुरू करतोय.